‘हरकत घेतली’ आणि ‘हरकत की’ : हिंदी-उर्दू आणि मराठीतले फसवे शब्द

एक साधं मराठी वाक्य घ्या. ‘कब्रस्तानच्या जागेतून रस्ता नेण्यास रहिवाशांनी हरकत घेतली.’ मराठी वर्तमानपत्रात अशी बातमी कुठल्याही आठवड्यात सापडेल. रहिवाशांनी कायद्याने मिळालेला हक्क वापरला, अर्ज केला, आक्षेप नोंदवला, एवढाच तिचा अर्थ. आता हीच बातमी हिंदीत न्यायची आहे आणि भाषांतर करणाऱ्याला ‘हरकत’ हा शब्द ओळखीचा वाटला. हिंदीत आणि उर्दूतही तो आहेच, मग बदलायचा कशाला? त्याने लिहिलं, ‘निवासियों ने हरकत की.’ हिंदी वाचणाऱ्याला यातून कळतं ते असं की रहिवाशांनी काहीतरी खोडसाळपणा केला, नको ते केलं. अर्ज देणारी माणसं एका शब्दाने उपद्रवी ठरली.

भाषांतरात अनोळखी शब्द आला की आपण थांबतो, कोश उघडतो, कुणाला तरी विचारतो. त्यामुळे अनोळखी शब्द फारसा दगा देत नाही. दगा देतो तो ओळखीचा शब्द. घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी असं ज्यांचं रोजचं जगणं आहे, त्यांना तिन्ही भाषा येतात आणि म्हणूनच हा धोका त्यांना जास्त असतो. जमातीची नोटीस, मदरशाचं पत्रक, कोर्टाची बातमी, जुम्याच्या बयानाचा सारांश, हे सगळं आज मोबाईलवर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सारखं फिरत असतं. भाषांतर करणारा बहुधा घाईत असतो आणि लिपी एकच, देवनागरी. शब्द उचलून ठेवला की काम झालं असं वाटतं.

एकच शब्द, दोन वाटा

अरबी-फारसी शब्द मराठीत आले ते मुख्यतः दख्खनच्या राज्यकारभारातून. बहामनी, निजामशाही, आदिलशाही यांच्या काळात महसूल, न्याय, लष्कर, पत्रव्यवहार यांची भाषा फारसी होती आणि गावपातळीवर हिशेब मराठीत लिहिले जात. कुलकर्णी, देशपांडे, पाटील यांच्या कागदांत हे शब्द रुळले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला आणि त्यात या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले, पण लोकांच्या तोंडात बसलेले कितीतरी शब्द तसेच राहिले. अर्ज, जप्ती, वसुली, मुदत, दाखला, तक्रार, फिर्याद हे सगळे आजही सरकारी मराठीचे आधारस्तंभ आहेत.

उत्तरेकडे हेच शब्द कचेरीबरोबरच शायरी, वाज, गप्पा आणि बाजार यांतूनही वाहत राहिले. त्यामुळे तिथे त्यांचे मूळ अर्थ अधिक टिकले किंवा वेगळ्याच दिशेने गेले. मराठीत मात्र शब्दाला कचेरीचं एक ठरावीक काम मिळालं आणि तो त्या कामालाच चिकटला. म्हणून मराठीतला अरबी-फारसी शब्द पाहिला की आधी विचारावं, हा इथे कुठल्या टेबलावर बसलेला आहे?

‘हरकत’चंच बघा. अरबीत मूळ अर्थ हालचाल, गती. उर्दूत तो अर्थ अजून जिवंत आहे. उर्दू अक्षरांवरच्या जेर, जबर, पेश या खुणांनाही ‘हरकत’च म्हणतात. हिंदीच्या बोलण्यात हालचालीवरून ‘नको ती कृती’ असा रंग चढला. मराठीत हालचालीवरून अडथळा आणि अडथळ्यावरून आक्षेप, असा प्रवास झालेला दिसतो. ‘काही हरकत नाही’ हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, त्यात हालचालीचा मागमूसही उरलेला नाही.

तीन शब्दांची गाठ

हरकत एकटा असता तर निभावलं असतं. पण त्याच्याभोवती आणखी दोन शब्द आहेत आणि तिघे मिळून चांगलीच गाठ घालतात.

मराठी ‘हरकत’ला हिंदीत म्हणतात ‘आपत्ति’. पण मराठीत ‘आपत्ती’ म्हणजे संकट: पूर, भूकंप, दरड. जिल्हाधिकारी कार्यालयातला ‘आपत्ती व्यवस्थापन कक्ष’ हिंदीत ‘आपदा प्रबंधन’ होतो. म्हणजे ‘मुझे इस पर आपत्ति है’ याचं मराठी ‘माझ्यावर आपत्ती आहे’ असं केलं तर ऐकणारा धावत मदतीला येईल. अर्थ आहे ‘माझी याला हरकत आहे’ इतकाच.

तिसरा शब्द ‘सूचना’. हिंदीत सूचना म्हणजे माहिती, खबर. आपला ‘माहितीचा अधिकार’ हिंदीत ‘सूचना का अधिकार’ आहे. मराठीत सूचना म्हणजे सुचवलेली गोष्ट किंवा वरून आलेला निर्देश. महापालिका विकास आराखडा जाहीर करते तेव्हा मराठीत ‘हरकती व सूचना’ मागवते आणि हिंदी प्रदेशातली पालिका ‘आपत्तियां एवं सुझाव’ मागवते. शब्दागणिक पाहिलं तर दोन्हीकडे दोन-दोन शब्द, पण मराठीतला एकही हिंदीत तसाच नेता येत नाही आणि हिंदीतला एकही मराठीत. ‘हरकतें और सूचनाएं’ असं कुणी हिंदीत लिहिलं तर पालिका लोकांकडून खोड्या आणि खबरा मागते आहे असं वाचलं जाईल.

बातमीत ‘सूचना’ आणखी त्रास देते. ‘राहगीर ने पुलिस को सूचना दी’ याचं मराठी कितीदा तरी ‘वाटसरूने पोलिसांना सूचना दिली’ असं केलेलं दिसतं. मराठीत पोलिसांना सूचना देतो तो पोलीस अधीक्षक किंवा गृहमंत्री. वाटसरू पोलिसांना कळवतो, खबर देतो, माहिती देतो. एका शब्दामुळे वाटसरू साहेब होऊन बसतो. अर्थात मराठीतही ‘जाहीर सूचना’ म्हणजे नोटीस हा अर्थ आहे, त्यामुळे ‘सूचना जारी की’ याचं ‘सूचना काढली’ हे चालून जातं. हा शब्द कायम चुकीचा नाही, आणि म्हणूनच तो पटकन हाताला लागत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. ‘हरकत’ टाळायची म्हणून मराठीतला ‘आक्षेप’ उचलून हिंदीत ठेवला तरी सुटका नाही. मराठीत आक्षेप घेणं म्हणजे हरकत घेणं. हिंदीत ‘आक्षेप’ म्हणजे कुणावर ठपका ठेवणं, टोमणा मारणं. ‘संघटनेने अहवालावर आक्षेप घेतला’ हे हिंदीत ‘आपत्ति जताई’ असंच व्हायला हवं.

राजीनामा कुणाचा?

कोर्टाच्या बातम्यांत सगळ्यात महाग पडणारा शब्द ‘राजीनामा’. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडल्याचं पत्र. मंत्र्याचा, सरपंचाचा, ट्रस्टीचा. हिंदीत त्याला ‘इस्तीफा’ म्हणतात. मध्य प्रदेश, राजस्थानकडच्या हिंदीत मात्र ‘राजीनामा’ म्हणजे दोन पक्षांनी राजी होऊन केलेला समझोता, तडजोड. तिथल्या स्थानिक बातम्यांत ‘लोक अदालत में राजीनामा’ असं येतं तेव्हा कुणी पद सोडलेलं नसतं, खटला आपसात मिटलेला असतो.

शब्दाची फोड केली तर दोन्ही अर्थ समजतात. राजी असल्याचा नामा, म्हणजे संमतीचा कागद. उत्तरेत संमती समझोत्याला दिली. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलात शेतकरी आपल्या नावावरची जमीन सोडताना ‘राजीनामा’ लिहून द्यायचा आणि ती जमीन घेणारा ‘कबुलायत’ लिहून द्यायचा. मी राजीखुशीने हक्क सोडतो, हा त्याचा आशय. जमिनीऐवजी पद सोडायलाही हाच शब्द किती सहज लागू पडतो हे दिसतंच आहे.

आता विचार करा. एखाद्या मशिदीच्या ट्रस्टमधला वाद मिटल्याची हिंदी बातमी आहे, ‘ट्रस्टियों में राजीनामा हो गया.’ मराठीत कुणी ‘ट्रस्टींचा राजीनामा’ असा मथळा दिला तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या शहरात विश्वस्त मंडळ बरखास्त झाल्याची चर्चा. उलट बाजूने, मराठीतून हिंदीत ‘अध्यक्ष ने राजीनामा दिया’ असं गेलं, तर हिंदी वाचक विचारत बसेल की समझोता कुणाशी केला.

‘तक्रार’ही याच जातीचा. अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, पुनरावृत्ती. तेच तेच बोलणं वाढत गेलं की भांडण होतं, म्हणून हिंदी-उर्दूत तकरार म्हणजे बाचाबाची. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं, हिंदीतली ‘शिकायत’. तक्रार एकटा माणूस करू शकतो, तकरारला दोघे लागतात. आणि साक्षीदार ‘फितूर’ झाला, ही मराठी कोर्टाची भाषा. म्हणजे तो आपला जबाब फिरवून उलटला. हिंदीत ‘गवाह मुकर गया’ म्हणा. ‘फितूर’ हिंदीत डोक्यात शिरलेलं खूळ असतं. साक्षीदाराला खूळ लागलं असं लिहिणं म्हणजे त्याच्या साक्षीवर वेगळाच निकाल देणं झालं.

क्रियापदाकडे बघा

फसवा शब्द ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण त्या शब्दात नसते, त्याच्या शेजारच्या क्रियापदात असते. मराठीत हरकत ‘घेतात’, ‘नोंदवतात’ किंवा ‘असते’. हिंदीत हरकत ‘करते हैं’. मराठीत राजीनामा ‘देतात’, हिंदीतल्या त्या जुन्या अर्थाने तो ‘होता है’. मराठीत तक्रार ‘करतात’, हिंदीत तकरार ‘हो जाती है’. मराठीत आपत्ती ‘येते’, ‘कोसळते’, ‘ओढवते’, हिंदीत आपत्ति ‘जताई जाती है’. क्रियापद बदललं की समजावं, शब्दाने कूस बदललेली आहे.

दुसरी खूण विभक्तीची. हिंदीत ‘किसी बात पर आपत्ति’, मराठीत ‘एखाद्या गोष्टीला हरकत’. भाषांतर करताना ‘पर’चं ‘वर’ झालं आणि वाक्य अवघडल्यासारखं वाटू लागलं, तर फक्त प्रत्यय दुरुस्त करून पुढे जाऊ नका. बहुधा नामच चुकलेलं असतं.

एक नमुना घेऊन बघू. समजा मध्य प्रदेशातल्या एका गावाहून अशी हिंदी बातमी आली:

‘कब्रिस्तान की चारदीवारी को लेकर कल दो पक्षों में तकरार हो गई। लोगों ने पुलिस को सूचना दी। बाद में बुजुर्गों की मौजूदगी में राजीनामा हो गया। नक्शे में संशोधन पर किसी को आपत्ति हो तो वह पंद्रह दिन के भीतर नगर परिषद को लिखकर दे।’

घाईत केलेलं मराठी असं होईल: ‘कब्रस्तानच्या भिंतीवरून काल दोन पक्षांत तक्रार झाली. लोकांनी पोलिसांना सूचना दिली. नंतर बुजुर्गांच्या उपस्थितीत राजीनामा झाला. नकाशातील संशोधनावर कुणाला आपत्ती असेल तर त्याने पंधरा दिवसांत नगर परिषदेला लिहून द्यावे.’

वाचताना कुठे अडखळायला होतं ते पाहा. ‘दोन पक्षांत तक्रार झाली’ असं मराठीत कुणी म्हणत नाही. एका पक्षाने दुसऱ्याविरुद्ध तक्रार केली, असं म्हणतात. शिवाय ‘पक्ष’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर आधी राजकीय पक्ष येतो. ‘राजीनामा झाला’ हेही खटकतं, कारण राजीनामा देतात. ‘संशोधनावर आपत्ती’ तर अर्थच लागू देत नाही. क्रियापदांनी तीन ठिकाणी लाल दिवा दाखवला. ‘कल’ हिंदीत काल आणि उद्या दोन्हीला चालतो, इथे ‘हो गई’मुळे तो काल आहे हे पक्कं, तिथे चूक झाली नाही.

पण ‘पोलिसांना सूचना दिली’ इथे दिवा लागला नाही. हिंदीत ‘देना’, मराठीत ‘देणे’, वाक्य व्याकरणात चोख बसतं. क्रियापदाची कसोटी इथे संपते. अशा वेळी दुसरा प्रश्न विचारायचा: कोण कुणाला देतंय? खालचा वरच्याला देत असेल तर ती खबर, वरचा खालच्याला देत असेल तर ती सूचना.

दुरुस्त मराठी असं होईल: ‘कब्रस्तानच्या कुंपणभिंतीवरून काल दोन गटांत वादावादी झाली. लोकांनी पोलिसांना कळवलं. नंतर वडीलधाऱ्यांसमोर दोन्ही गटांत समझोता झाला. नकाशातल्या दुरुस्तीला कुणाची हरकत असेल तर त्यांनी ती पंधरा दिवसांच्या आत नगर परिषदेकडे लेखी द्यावी.’

तरीही शंका उरली तर कोश दोन बघायचे, एक नव्हे. मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश आणि हिंदी-उर्दूसाठी प्लॅट्सचा. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची, प्लॅट्सचा कोश 1884 चा. दोन्ही इंटरनेटवर फुकट शोधता येतात आणि शब्द अरबी, फारसी की संस्कृत हेही सांगतात. एकच शब्द दोन्हीकडे उघडून शेजारी-शेजारी वाचला की वाटा कुठे फुटल्या ते कळतं. आजच्या सरकारी अर्थासाठी मात्र हे कोश जुने पडतात. त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार आणि न्याय व्यवहार कोश आहेत.

शाळेच्या दारात

‘शिक्षा’ सगळ्यांना ठाऊक आहे. हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. यावरचे विनोदही जुने झाले. गंमत अशी की ‘शिक्षा’ टाळून जो उर्दू शब्द आपण वापरतो, ‘तालीम’, तोही मराठीत फिरलेला आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. कोल्हापुरात तर ‘तालीम’ म्हणजे पेठेतलं मंडळच. ‘बच्चियों की तालीम पर जोर’ याचं ‘मुलींच्या तालमीवर भर’ असं केलं तर वाचक दंगलीच्या मैदानात पोचेल. मुसलमान वाचकाला घरच्या वापरामुळे अर्थ लागेल, पण ती बातमी शेजारचा मराठी वाचकही वाचणार आहे. ‘दीनी तालीम’ ही जोडी मराठीतही तशीच ठेवावी, ती ओळखीची आहे. एकटी ‘तालीम’ मात्र ‘शिक्षण’च करावी.

यापेक्षा जास्त गोंधळ ‘दाखला’ घालतो. हिंदी-उर्दूत ‘दाखिला’ म्हणजे प्रवेश, ॲडमिशन. मराठीत ‘दाखला’ म्हणजे प्रमाणपत्र: जन्माचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. ‘दाखिले के लिए जरूरी कागजात’ याचं ‘दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रं’ असं भाषांतर केलं की पालक शाळेऐवजी सेतू केंद्रात जाऊन उभे राहतात. ‘दाखला काढला’ हे मराठीत शाळा सोडण्याच्या संदर्भातही येतं. म्हणजे शाळेत घेणं आणि शाळेतून काढणं ही दोन टोकं एका अक्षराच्या फरकावर उभी आहेत. त्याच घरातला ‘दाखल’ मात्र दोन्हीकडे सारखा आहे. रुग्णालयात दाखल, गुन्हा दाखल. एक शब्द प्रामाणिक निघाला म्हणून त्याच्या भावावर विश्वास टाकू नये.

संशोधन, शोध आणि घटना

फसवे शब्द फक्त अरबी-फारसीतच असतात असं नाही, संस्कृतातले तर अधिक बेमालूम असतात. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे कायद्यात किंवा मजकुरात केलेली दुरुस्ती. मराठीत संशोधन म्हणजे विद्यापीठात, प्रयोगशाळेत चालतं ते. मराठीतल्या संशोधनाला हिंदीत ‘शोध’ किंवा ‘अनुसंधान’ म्हणतात. आणि मराठीतला ‘शोध’ म्हणजे हरवलेलं हुडकणं किंवा नवं सापडणं, म्हणजे हिंदीतली ‘खोज’. त्यामुळे हिंदीतला ‘शोध छात्र’ मराठीत संशोधक विद्यार्थी असतो, हरवलेला विद्यार्थी नव्हे.

2024 मध्ये संसदेत ‘वक्फ (संशोधन) विधेयक’ आलं, संयुक्त संसदीय समितीकडे गेलं आणि 2025 मध्ये त्याचा कायदा झाला. हिंदी नावात ‘संशोधन’ बरोबरच आहे. मराठीत ते ‘वक्फ सुधारणा विधेयक’ किंवा ‘दुरुस्ती विधेयक’ म्हणायला हवं. ‘वक्फ संशोधन’ म्हटलं की मराठी कानाला वक्फच्या इतिहासावर कुणी प्रबंध लिहितंय असं वाटतं. ‘सुधारणा’ की ‘दुरुस्ती’ हा प्रश्नही छोटा नाही. मराठीत ‘सुधारणा’ शब्दात काहीतरी चांगलं केल्याचा सूर येतो, ‘दुरुस्ती’ त्या मानाने कोरडा आहे. ज्या कायद्यावर वाद आहे, त्याच्या बातमीत कोरडा शब्द बरा, असं माझं मत. अधिकृत नाव द्यायचं असेल तेव्हा मात्र सरकारी मराठी पाठात जे छापलं असेल तेच द्यावं.

उलट प्रवासात ‘घटना’ सांभाळायची. मराठीत घटना म्हणजे प्रसंगही आणि राज्यघटनाही. ‘घटनेने दिलेला अधिकार’ हिंदीत ‘संविधान से मिला अधिकार’ होतो. ‘घटना ने दिया हुआ अधिकार’ असं गेलं तर हिंदी वाचक विचारेल, कुठली घटना, कधी घडली?

बयानाचं मराठी करताना

उर्दू बयान मराठीत उतरवताना आणखी काही शब्द भेटतात. ‘कसरत से दरूद पढ़िए’ यातली कसरत म्हणजे विपुलता. पुष्कळ, वारंवार पढा. उर्दू लिपीत हा शब्द ‘से’ अक्षराने लिहितात आणि व्यायामाची कसरत ‘सीन’ने, त्यामुळे उर्दू वाचणाऱ्याला दोन्ही वेगळे दिसतात. देवनागरीत आल्यावर दोघांचा चेहरा एक होतो आणि मराठीला तर व्यायामाचीच कसरत माहीत. इथे ‘जास्तीत जास्त’ किंवा ‘भरपूर’ म्हणावं.

‘हवस’ आणि ‘हौस’ हे एकाच अरबी शब्दाचे दोन अवतार. उर्दूत हवस म्हणजे लालसा, वासना, निंदेचा शब्द. मराठीत हौस म्हणजे आवड, उमेद. हौसेने घर सजवतात, हौसेने पाहुणचार करतात. ‘माल की हवस’ला मराठीत ‘पैशाची हौस’ म्हटलं तर मौलानांनी ज्या गोष्टीपासून सावध केलं तीच गोड वाटू लागते. ‘पैशाचा हव्यास’ म्हणा.

‘शिकस्त’ तर थेट उलटा होतो. फारसीत आणि उर्दूत शिकस्त म्हणजे मोडणं, पराभव. मराठीत ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ म्हणजे जिवाचं रान केलं, शक्य ते सगळं केलं. हेच उर्दूत ‘कोशिशों की शिकस्त’ झालं की अर्थ होतो प्रयत्नांचा पराभव. पूरग्रस्तांसाठी राबलेल्या तरुणांचं कौतुक करायला घेतलेलं वाक्य त्यांच्या अपयशाची नोंद होऊन बसतं.

आणि ‘खुलासा’. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, रमजानमध्ये तरावीहनंतर अनेक मशिदींत कुरआनचा खुलासा सांगतात तो. हिंदी वृत्तवाहिन्यांवर खुलासा म्हणजे गौप्यस्फोट. मराठी कचेरीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण: कर्मचारी उशिरा आला की त्याच्याकडून खुलासा मागवतात. तीन भाषाव्यवहार, तीन अर्थ, आणि क्रियापद बहुतेक वेळा ‘करना’ किंवा ‘करणे’च, त्यामुळे वरची कसोटी इथे चालत नाही. ‘संस्थेने खुलासा केला’ हे मराठी वाक्य हिंदीत ‘संस्था ने सफाई दी’ किंवा ‘स्पष्टीकरण दिया’ असंच व्हायला हवं. ‘संस्था ने खुलासा किया’ असं झालं की संस्थेने कुणाचं तरी बिंग फोडलं.

शब्द एका जागी थांबतही नाहीत. मराठी वाहिन्यांवर आता ‘धक्कादायक खुलासा’ सर्रास ऐकू येतो, तो हिंदीच्या अर्थाने. ‘गर्व’ मराठीत वाईट होता आणि ‘अभिमान’ चांगला. हिंदीत ‘गर्व’ चांगला, ‘अभिमान’ला घमेंडीची छटा. आज मराठी मुलंही ‘मला गर्व आहे’ असं बिनदिक्कत म्हणतात. दहावीच्या निकालानंतर एखादी आई ‘मुझे अपनी बेटी पर फख्र है’ म्हणाली, तर तूर्त तरी मराठीत ‘मला माझ्या मुलीचा अभिमान आहे’ असंच लिहावं. ‘गर्व’ लिहिलं तर तिशीतला वाचक काही बोलणार नाही, पण साठीतला वाचक त्या आईला गर्विष्ठ समजेल.